फोटोतल्या टी-टेस्टच्या दोन ओळी : कोणती ओळ घ्यायची आणि ती कशी वाचायची?

निळी_छत्री (कळवा)

नमस्कार. मी नवी मुंबईतील एका महाविद्यालयात समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. प्रबंधासाठी मी एका रुग्णालयाच्या ओपीडीत नोंदी घेतल्या. केसपेपर काढल्यापासून डॉक्टरांसमोर बसेपर्यंत रुग्णाला किती मिनिटे थांबावे लागते, एवढीच ती नोंद आहे. काही विभागांत टोकन देतात आणि काही विभागांत देत नाहीत. दोन्हीकडचे रुग्ण वेगवेगळे आहेत, एकही रुग्ण दोन्ही गटांत नाही.

SPSS फक्त महाविद्यालयाच्या संगणक कक्षात आहे, त्यामुळे निघताना मी पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. फोटोवर ट्यूबलाइटची चमक आली आहे. दोन्ही ओळींच्या नावांतले फक्त Equal variances एवढेच शब्द वाचता येतात, पुढचे दिसत नाहीत. उजवीकडचे शेवटचे दोन स्तंभही कापले गेले आहेत. जे दिसते ते खाली उतरवले आहे.

```
                N    Mean   Std. Deviation  Std. Error Mean
टोकन आहे        48   31.20       8.400           1.212
टोकन नाही       16   38.50      17.200           4.300

F       Sig.   t       df      Sig.(2-tailed)  Mean Diff.  Std. Error Diff.
14.862  .000   -2.261  62      .027            -7.300      3.228
               -1.634  17.445  .120            -7.300      4.468
```

Sig. या नावाखाली मला .000, .027 आणि .120 असे तीन आकडे दिसतात. .000 हा सर्वांत लहान आहे, म्हणून टोकनमुळे पडणारा फरक अत्यंत लक्षणीय आहे असे मी मसुद्यात लिहिले होते. मैत्रिणीने ते वाचून .027 लिही असे सांगितले. कोणता आकडा बरोबर आहे आणि का, हे मला समजून घ्यायचे आहे, कारण तोंडी परीक्षेत मला तेच विचारतील.

वाशीचा_वाटसरू

ताई, याचा नियम अगदी सोपा आहे. F च्या शेजारचा Sig. हा लेव्हेनच्या चाचणीचा असतो. तो .05 पेक्षा जास्त असेल तर वरची ओळ घ्यायची आणि कमी असेल तर खालची. तुमचा .000 आहे, म्हणून खालची ओळ घ्या. तिथे .120 आहे, म्हणजे दोन्ही गटांत फरक नाही आणि टोकनचा काही उपयोग होत नाही, असा तुमचा निष्कर्ष निघतो. माझ्या एमबीएच्या प्रकल्पात दोन्ही ओळींत टी अगदी सारखाच आला होता, त्यामुळे बहुतेक वेळा ओळीने फारसे बिघडत नाही, असा माझा अनुभव आहे.

येऊर

मी संख्याशास्त्र शिकवतो. वाटसरू यांनी ओळ बरोबर निवडली आहे, पण त्या ओळीचा त्यांनी काढलेला अर्थ मला मान्य नाही. आधी फोटोकडे येऊ, कारण ओळींची नावेच दिसत नसताना वरची कोणती आणि खालची कोणती हे केवळ जागेवरून ठरवू नये. फोटो कापलेला असतो, कोणी आकडे पुन्हा टाइप करताना क्रम बदललेला असतो.

ओळ ओळखण्याची खात्रीची खूण df च्या स्तंभात आहे. समान व्हेरियन्स गृहीत धरणाऱ्या ओळीत df हा नेहमी दोन्ही गटांच्या बेरजेतून दोन वजा केल्यावर येणारा पूर्णांक असतो. तुमच्याकडे 48 आणि 16 मिळून 64, त्यातून 2 गेले की 62. म्हणजे 62 असलेली ओळ ही Equal variances assumed आहे. दुसऱ्या ओळीतला 17.445 हा अपूर्णांक वेल्चच्या पद्धतीने येतो, म्हणून ती ओळ Equal variances not assumed आहे.

.000 हा आकडा पहिल्या ओळीत छापलेला असला तरी तो तुमच्या मिनिटांच्या सरासरीबद्दल काहीच सांगत नाही. लेव्हेनची चाचणी एकदाच होते, तिचे F आणि Sig. SPSS वरच्या ओळीत छापतो आणि खालच्या ओळीत त्या जागा रिकाम्या सोडतो. त्यामुळे वरची ओळ डावीकडून वाचत जाणाऱ्याला पहिला भेटणारा Sig. हाच निकाल वाटतो. त्या .000 चा प्रश्न एवढाच आहे की दोन्ही गटांतील वेळा आपापल्या सरासरीभोवती सारख्याच पसरल्या आहेत का. उत्तर नाही असे आले आहे, आणि 8.4 व 17.2 ही प्रमाण विचलने पाहिली तर ते डोळ्यांनाही दिसते. शिवाय .000 म्हणजे शून्य नव्हे. SPSS तीनच दशांश स्थळे दाखवतो, म्हणून प्रबंधात p < .001 असे लिहावे.

निळी_छत्री

सर, खूप आभार. df वरून ओळ ओळखता येते हे मला कोणी सांगितले नव्हते. पण एक गोष्ट अजून कळत नाही. Mean Diff. दोन्ही ओळींत -7.300 आहे. मोजलेला फरक तोच, रुग्ण तेच, मग एका ओळीत .027 आणि दुसऱ्या ओळीत .120 कसे येतात? आणि माझे मार्गदर्शक .027 ची ओळच ठेवा म्हणाले, तर त्यांना काय सांगू?

ऐरोली_अपर्णा

माझाही असाच प्रश्न आहे, म्हणून इथेच विचारते. मी शिक्षिका आहे आणि बी.एड.च्या कृतिसंशोधनात माझ्या वर्गातील 30 मुलांची उपक्रमाआधी आणि उपक्रमानंतर चाचणी घेतली. मी साठ गुण एका स्तंभात भरले, दुसऱ्या स्तंभात 1 आणि 2 असे गट दिले आणि मलाही या दोन ओळी आल्या. माझा लेव्हेनचा Sig. .41 आहे, म्हणून मी वरची ओळ घेतली तर चालेल ना?

येऊर

अपर्णाताई, तुमच्या बाबतीत दोन्ही ओळी बाजूला ठेवाव्या लागतील. तुमचे आधीचे आणि नंतरचे गुण त्याच 30 मुलांचे आहेत, त्यामुळे प्रत्येक मुलाच्या दोन गुणांची जोडी आहे. ही चाचणी दोन्ही गट एकमेकांशी संबंध नसलेले आहेत असे धरून चालते. तुम्ही Paired-Samples T Test निवडा आणि दोन्ही वेळचे गुण शेजारशेजारच्या स्तंभांत, एका मुलाची एक ओळ अशा रीतीने भरा. तिथे लेव्हेनचा प्रश्नच येत नाही आणि निकालाची ओळ एकच असते.

आता छत्री यांचा प्रश्न. टी म्हणजे सरासरीतील फरक भागिले त्या फरकाची प्रमाण त्रुटी. वरचा आकडा दोन्ही ओळींत तोच आहे, खालचा बदलला आहे. -7.300 भागिले 3.228 केले की -2.261 येते आणि 4.468 ने भागले की -1.634 येते. हा भागाकार फोटो तपासायलाही उपयोगी आहे. चमकेमुळे उणे चिन्ह किंवा दशांश बिंदू पुसला गेला असेल, तर भागाकार जुळत नाही आणि चूक लगेच सापडते.

प्रमाण त्रुटी का बदलली, हे पाहण्यासाठी दोन्ही गटांचा वाटा वेगळा काढा. टोकन असलेल्या गटात 8.4 चा वर्ग 70.56, भागिले 48, म्हणजे 1.47. टोकन नसलेल्या गटात 17.2 चा वर्ग 295.84, भागिले 16, म्हणजे 18.49. बेरीज 19.96 आणि तिचे वर्गमूळ 4.468. ही झाली खालची ओळ. तुमच्या फरकातील जवळजवळ सगळी अनिश्चितता त्या 16 रुग्णांच्या लहान गटातून येते, हे या दोन आकड्यांवरून स्पष्ट दिसते.

वरची ओळ असे वेगवेगळे वाटे धरत नाही. दोन्ही गटांची खरी व्हेरियन्स एकच आहे असे मानून ती दोन्हींची मिळून एक सरासरी काढते, आणि त्या सरासरीत 48 रुग्णांच्या गटाचे वजन 47 तर 16 रुग्णांच्या गटाचे वजन 15 असते. मोठ्या गटाच्या वेळा कमी पसरलेल्या असल्यामुळे ती सरासरी 125.06 वर येऊन थांबते आणि तीच लहान गटालाही लागू केली जाते, जिथे प्रत्यक्ष व्हेरियन्स 295.84 आहे. अशा रीतीने प्रमाण त्रुटी 3.228 इतकी लहान दिसते आणि टी फुगतो.

लहान गट जास्त पसरलेला आणि मोठा गट कमी पसरलेला, हीच वरच्या ओळीसाठी सर्वांत धोक्याची स्थिती आहे. खऱ्या व्हेरियन्स तुमच्या नमुन्याच्या प्रमाणात असतील आणि सरासरींत मुळीच फरक नसेल, तरी वरची ओळ पाच टक्क्यांऐवजी पंधरा टक्क्यांच्या आसपास वेळा फरक लक्षणीय असल्याचे सांगेल. उलट, मोठा गट जास्त पसरलेला असता तर वरची ओळ गरजेपेक्षा जास्त सावध झाली असती आणि खरा फरकही तिच्या हातून निसटला असता. मार्गदर्शकांना 1.47 आणि 18.49 हे दोन आकडे दाखवा. माझ्या मते .027 का घेता येत नाही हे त्यांना तेवढ्यावरून पटावे.

वाशीचा_वाटसरू

सर, मग माझ्या प्रकल्पात दोन्ही ओळींचा टी सारखा कसा आला? तिथेही प्रमाण विचलने वेगळी होती.

येऊर

तुमच्या दोन्ही गटांत माणसे सारखीच असणार. गट समान संख्येचे असले की दोन्ही पद्धतींची प्रमाण त्रुटी गणिताने एकच येते, म्हणून टी ही एकच येतो. फरक फक्त df मध्ये राहतो आणि त्यामुळे पी-मूल्य किंचित बदलते. तुमचा अनुभव खरा आहे, पण तो समान संख्येच्या गटांपुरता आहे. 48 आणि 16 असे गट असताना तो लावता येणार नाही.

वाशीचा_वाटसरू

हो, माझ्याकडे दोन्हीकडे 40 जण होते. तरीही लेव्हेनवरून ओळ ठरवायची, हा नियम तर कायम राहतो ना? आमच्या सरांनी तोच शिकवला होता.

येऊर

हा नियम अनेक वर्गांत शिकवला जातो आणि छत्री यांच्या उदाहरणात तो योग्य ओळीपर्यंत नेतोही. माझी हरकत त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला आहे. लेव्हेनचा Sig. .05 पेक्षा जास्त आला म्हणजे व्हेरियन्स समान असल्याचे सिद्ध झाले, असे होत नाही. गट लहान असतील तर व्हेरियन्समधला मोठा फरकही त्या चाचणीला दिसत नाही, आणि नेमक्या अशाच वेळी वरची ओळ घेणे महागात पडते. आधी एक चाचणी घेऊन तिच्या निकालावर दुसरी चाचणी निवडण्याने एकूण चुकीचे प्रमाणही ठरवलेल्या पाच टक्क्यांवर राहत नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना स्वतंत्र गटांसाठी आधीच खालची ओळ ठरवून टाकायला सांगतो. व्हेरियन्स खरोखर समान असतील तर वेल्चच्या पद्धतीत फार थोडे हातचे जाते. R मध्ये `t.test(minute ~ token)` लिहिले की न सांगता वेल्चचीच चाचणी होते. समान व्हेरियन्स हवी असेल तर `var.equal = TRUE` असे मुद्दाम लिहावे लागते. काही जुने शिक्षक लेव्हेनचा टप्पा उत्तरात मागतात, तर तो लिहावा, त्याला हरकत नाही. पण ओळ त्याच्यावर अवलंबून ठेवावी की नाही, याबद्दल शिकवणाऱ्यांमध्ये आजही एकमत नाही.

घोडबंदर_रोड

एक सुचवतो. टोकनमुळे वेळ कमीच होणार, वाढणार नाही, असे आपले गृहीतक असेल तर एकपुच्छ चाचणी घ्यावी. .120 चे निम्मे .060 होतात आणि ते .05 च्या अगदी जवळ येते. नव्या SPSS मध्ये तर One-Sided p असा वेगळा स्तंभच दिलेला असतो.

येऊर

निम्मे करण्याचे गणित बरोबर आहे, कारण फरकाची दिशा अपेक्षेप्रमाणेच आहे. पण एकपुच्छ चाचणीचा निर्णय नोंदी घेण्यापूर्वी, संशोधन आराखड्यात लिहिलेला असायला हवा. .120 पाहिल्यानंतर दिशा ठरवणे मला योग्य वाटत नाही. आणि .060 आले तरी .05 ची रेषा ओलांडली जात नाहीच. नवा SPSS वापरणाऱ्यांनी मात्र एक काळजी घ्यावी. तिथे शेजारी शेजारी One-Sided p आणि Two-Sided p असे दोन स्तंभ असतात. फोटोत शीर्षके पुसली गेली असतील तर दोघांपैकी दुप्पट असलेला आकडा हा द्विपुच्छ चाचणीचा समजावा.

निळी_छत्री

माझ्या आराखड्यात फक्त फरक आहे का एवढेच लिहिले आहे, दिशा लिहिलेली नाही, म्हणून मी .120 च ठेवते. सर, df 17.445 का आला हे विचारले तर काय सांगू? आणि कापले गेलेले दोन स्तंभ पुन्हा महाविद्यालयात न जाता मिळतील का?

येऊर

तोंडी परीक्षेत सूत्र पाठ म्हणण्याची गरज नाही. वेल्चच्या पद्धतीत df हा लहान गटाच्या df पेक्षा कमी होत नाही आणि वरच्या ओळीतील df पेक्षा जास्त होत नाही. तुमच्याकडे तो 15 आणि 62 यांच्या दरम्यानच असणार. अनिश्चितता ज्या गटातून जास्त येते त्या गटाकडे तो झुकतो. 19.96 पैकी 18.49 हा वाटा 16 जणांच्या गटाचा आहे, म्हणून df 15 च्या जवळ, 17.445 वर आला. साध्या शब्दांत, 64 रुग्ण असूनही या तुलनेची ताकद जेमतेम 16–17 जणांएवढ्या माहितीवर उभी आहे. वेल्च यांनी 1947 सालच्या लेखात विचार केला तो अशाच, पसारा सारखा नसलेल्या गटांचा.

कापलेले स्तंभ Lower आणि Upper असणार, आणि ते हाताने काढता येतात. 17.445 या df साठी 95 टक्क्यांचा टी-गुणांक 2.106 आहे. तो 4.468 ने गुणला की 9.41 येतात. -7.30 मधून 9.41 वजा केले की -16.71, आणि मिळवले की 2.11. R असेल तर दोन्ही आकडे असे तपासता येतील.

```
2*pt(-1.634, 17.445)
-7.3 + c(-1,1)*qt(.975, 17.445)*4.468
```

एक्सेलमधील `T.DIST.2T` मध्ये 17.445 लिहिले तर तो अपूर्णांक टाकून देऊन 17 धरतो, त्यामुळे उत्तरात शेवटच्या अंकाचा फरक दिसला तर घाबरू नका.

आता वाटसरूंच्या पहिल्या उत्तराकडे येतो. ही कक्षा टोकनच्या विभागात वेळ सुमारे 17 मिनिटे कमी असण्यापासून ते 2 मिनिटे जास्त असण्यापर्यंत पसरली आहे. एवढ्या रुंद कक्षेवरून फरक नाही असे म्हणता येत नाही. सात मिनिटांचा खरा फरकही तिच्यात बसतो आणि शून्यही बसतो. या नोंदींवरून सरासरीतील फरक प्रस्थापित होत नाही, एवढेच विधान करता येते. टोकनचा उपयोग नाही हे विधान त्याच्या फार पुढचे आहे.

केसपेपर_खिडकी (ठाणे)

मी बरीच वर्षे नोंदणीच्या खिडकीवर काम केले आहे. आकडेमोड मला येत नाही, पण 17.2 हा आकडा पाहून मला तिथली रांग आठवली. टोकन नसते तेव्हा ओळखीचा माणूस पाच मिनिटांत आत जातो आणि भिवंडीहून आलेली म्हातारी दीड तास बसते. सरासरी काढली तर फार मोठा फरक दिसत नसेल, पण हाल त्या मागे राहिलेल्यांचे होतात. लेव्हेनच्या त्या .000 मध्ये हेच आले आहे का?

येऊर

आपण फार नेमके बोललात. लेव्हेनची चाचणी ओळ निवडण्याची पायरी म्हणून वापरली जाते, पण तिचा निकाल हा स्वतंत्र निष्कर्षही असू शकतो. छत्री, तुमच्या प्रबंधात याला एक परिच्छेद द्या. टोकन नसलेल्या विभागांत थांबण्याच्या वेळा कितीतरी जास्त असमान आहेत, हे तुमच्या नोंदींत सरासरीच्या फरकापेक्षा भक्कमपणे दिसते. मात्र ओळखीमुळे असे होते की डॉक्टरांच्या वेळेमुळे, हे ही चाचणी सांगत नाही.

निळी_छत्री

भिवंडीच्या त्या आजींचा मुद्दा मी नक्की घेईन. मसुदा असा केला आहे.

“टोकन असलेल्या विभागांत (n = 48) थांबण्याची सरासरी वेळ 31.20 मिनिटे (प्र.वि. 8.40) आणि टोकन नसलेल्या विभागांत (n = 16) 38.50 मिनिटे (प्र.वि. 17.20) होती. दोन्ही गटांची व्हेरियन्स समान नव्हती (लेव्हेन F = 14.86, p < .001). वेल्चच्या टी-चाचणीनुसार सरासरीतील फरक लक्षणीय आढळला नाही, t(17.45) = -1.63, p = .120, 95% विश्वास कक्षा -16.71 ते 2.11. यावरून टोकनमुळे सरासरी वेळ बदलत नाही असे सिद्ध होते.”

येऊर

शेवटचे वाक्य काढून टाका, बाकीचा मसुदा नेमका आहे. टी उणे का, असे विचारले तर SPSS ने पहिल्या गटातून दुसरा गट वजा केला एवढेच कारण सांगा. गटांचे क्रमांक उलटे दिले असते तर तोच आकडा अधिक आला असता.

एक शंका मात्र माझ्याकडे राहते आणि ती फोटोवरून सुटणार नाही. थांबण्याच्या वेळा सहसा एका बाजूला लांब शेपूट असलेल्या असतात. त्या 16 जणांत 80–90 मिनिटे थांबलेले एक-दोन रुग्ण असतील, तर 17.2 हे प्रमाण विचलन त्यांच्यामुळेच वाढले असेल आणि 16 च्या गटात वेल्चची पद्धतही तितकीशी भरवशाची राहत नाही. मान-व्हिटनी चाचणी घेऊन हा प्रश्न मिटेल असे काही जण सांगतील, पण पसारा असमान असताना ती चाचणीही सरासरीबद्दलच बोलते असे धरता येत नाही. शिवाय हे 16 रुग्ण एकाच दिवशीचे असतील तर त्यांच्या वेळा एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, कारण त्या दिवशी डॉक्टर उशिरा आले तर सगळ्यांनाच उशीर झाला असणार. नोंदवहीत तारखा आहेत का?

निळी_छत्री

तारखा आहेत. टोकन नसलेले 16 रुग्ण दोनच सकाळचे आहेत. सोमवारी संगणक कक्षात जाऊन हिस्टोग्राम काढते, आणि या वेळी फोटोऐवजी आउटपुटची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन येते.

वाशीचा_वाटसरू

दोनच सकाळी असतील तर ओळ कोणती घ्यायची यापेक्षा हा प्रश्न मोठा वाटतो. आणखी दोन-तीन दिवसांच्या नोंदी घेणे शक्य आहे का, ते मार्गदर्शकांना विचारा. तरीही लेव्हेनचा टप्पा मसुद्यातून काढू नका, परीक्षक तो शोधतातच.